दाराला माझं कुलूप

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. धाकट्या भावाचं एकच म्हणणं: "गावचं घर विका आणि माझे पैसे टाका." आणि तुझं उत्तर: "मी असेपर्यंत विकणार नाही." पत्रात तू आठ ठिकाणी लिहिलंस की तो काय मागतोय. ते मिळाल्यावर तो काय करणार, हे एकदाही नाही. तू विचारलंच नसशील, असं वाटतं.

कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसायला लागल्यापासून मला हीच जागा पहिली दिसते. तिथलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून एक प्रकरण ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगतो. कोकणातलं घर, मागे कलमांची बाग, दोन भाऊ, एक बहीण. भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं, तिने सही नाकारली आणि वाटपाचा दावा लावला. मागणी एकच: "माझा तिसरा हिस्सा मोजून द्या." हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळे कायदा तिच्या बाजूने होता. पण मोजणी झाली असती तर बागेचे तीन तुकडे पडून विहीर एकाच्याच वाट्याला गेली असती. भाऊ त्यालाच घाबरले होते.

तिच्याशी मी वेगळा बसलो. "हिस्सा का हवा?" असं विचारायचं टाळलं. 'का' म्हटलं की माणसाला जाब विचारल्यासारखा वाटतो आणि तो वकिलाने पढवलेलं उत्तर देतो. मी विचारलं, "समजा, उद्या मोजून मिळाला. तिथे पहिल्यांदा काय कराल?" ती लगेच म्हणाली, "एक खोली बांधीन. दाराला माझं कुलूप असेल."

'कुलूप' हा शब्द मी तसाच धरला. "कुलपाचं जरा सांगा ना," एवढंच म्हणालो आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं फार जड जातं. चारपाच सेकंदांतच आपल्याला काहीतरी बोलून ती पोकळी भरावीशी वाटते आणि नेमकं तिथेच समोरच्याचं आतलं बोलणं तुटतं. मी टेबलाखाली बोटं मोजत बसलो. मग तिने सांगितलं. आई गेल्यानंतरच्या मे महिन्यात ती न कळवता माहेरी गेली. घराला कुलूप, किल्ली भावाकडे पुण्यात. पडवीत बॅग ठेवून ती तासभर पायरीवर बसली आणि संध्याकाळच्या एसटीने परत फिरली. हक्कसोडपत्र आलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी, टपालाने.

इथे मी चुकलो. म्हणालो, "म्हणजे तुम्हाला भावांची माया हवी आहे." ती ताडकन म्हणाली, "माया नको. सातबारावर नाव हवं आणि तिसरा हिस्सा हवा." तिचा हक्क मी भावनेत विरघळवून टाकला होता. बायकांच्या बाबतीत हे सर्रास होतं आणि मला त्याची लाज वाटली. समोरच्याच्या म्हणण्याची आपण केलेली फेरमांडणी चुकली हे ओळखायची खूण हीच: माणूस जुनी मागणी आणखी मोठ्या आवाजात म्हणतो. बरोबर बसली तर "हो" म्हणून पुढे स्वतःच भर घालतो.

दुसऱ्यांदा मी तिचेच शब्द घेतले. "नाव कागदावर राहावं, उत्पन्नात वाटा असावा आणि कुणाला न विचारता दार उघडून आत जाता यावं. बरोबर धरलं का?" ती म्हणाली, "हो. आणि आईची पेटी त्या खोलीत असावी." पेटीचा उल्लेख सगळ्या दाव्यात कुठेच नव्हता.

यातलं भावांना काय सांगू, हे तिला विचारूनच मी पलीकडे गेलो. तिकडे थोरला उसळून म्हणाला, "ती बागेचं वाटोळं करणार!" त्यातली 'ती' आणि 'वाटोळं' बाजूला ठेवून मी म्हटलं, "बाग एकत्र राहावी, ही तुमची काळजी आहे. बाग न तोडता बहिणीचा हक्क कागदावर कसा ठेवता येईल?" थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग धाकटा म्हणाला, "नाव लावायला आमची हरकत कधीच नव्हती, आम्हाला मोजणी नको होती." खरं तर हक्कसोडपत्र त्यांनीच पाठवलं होतं, पण मी ते उकरलं नाही.

तीन बैठकांत ठरलं. तिघांची नावं सातबारावर, जमीन अविभक्त. आंब्याच्या उत्पन्नातून फवारणी, राखण, मजुरी वजा जाता तिसरा वाटा तिचा, हिशेब दर जूनमध्ये लेखी. बाहेरून दार असलेली पडवीकडची खोली तिची, किल्ली तिच्याकडे. तडजोड कोर्टात नोंदवली, म्हणजे पुढे नुसत्या शब्दावर राहायला नको.

दरवेळी असं होत नाही. काहींना खरंच फक्त पैसेच हवे असतात, आणि तसं असेल तर तेही विचारल्यावरच कळतं.

रविवारी धाकट्याला फोन करशील तेव्हा घर विकायचं की नाही, हा विषय तू काढू नकोस. "पैसे हातात आले की पहिलं काय करायचं मनात आहे?" एवढंच विचार आणि तो थांबला तरी तू बोलू नकोस. कर्ज असेल, मुलीचं शिक्षण असेल, किंवा छपराच्या दुरुस्तीचा खर्च दरवर्षी त्याच्याच गळ्यात पडतो हे असेल. तो जो शब्द वापरेल तो जसाच्या तसा लिहून ठेव आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र