चिंगीच्या पोस्टरबद्दल, मंद्याला पत्र

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला नी मग झोप काही लागली नाही रे. तुझी मांजर चिंगी मंगळवारी रात्रीपासून नाहीये, म्हणजे आज तिसरा दिवस. मी इथे ग्वाल्हेरला सासरी अडकलोय, रविवारी इंदौरला पोचतो, तोपर्यंत फोनवर काय सांगणार, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो. तू पाठवलेलं पोस्टर बघितलं. ते अजून छापू नकोस, आधी हे वाच. मागच्या पावसाळ्यात आमचा बोका बंड्या रामबागेतून गेला होता तेव्हा मी अगदी असंच पोस्टर केलं होतं नी त्यात चार दिवस वाया गेले, ते तुझे जाऊ नयेत.

माझ्या पहिल्या पोस्टरवर काय होतं सांगतो. नाव बंड्या, वय दोन वर्षं, भूरा रंग, खूप लाडका, गळ्यात निळा पट्टा, आणि खाली मोठ्ठ्या अक्षरात 5000 रुपये इनाम. आता बघ, यातलं शेजाऱ्याला ओळखायला उपयोगी काय? काहीच नाही. नाव मांजराच्या अंगावर लिहिलेलं नसतं, वय कोणाला दिसत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक तो भूरा शब्द. आपल्या घरात आपण नारिंगी-पिवळट बोक्याला भुरा म्हणतो, पण पोस्टर हिंदीत, नी हिंदीत भूरा म्हणजे तपकिरी. लोकांनी इमानदारीत तपकिरी मांजरं शोधली. मला अकरा फोन आले, मी अकराही ठिकाणी पळालो, एकही नारिंगी नव्हतं. मग आई म्हणाली, अरे सरळ बेसनाच्या लाडवासारखा रंग लिही ना. दुसऱ्या पोस्टरवर ‘बेसन के लड्डू जैसा रंग’ लिहिलं आणि चुकीचे फोन जवळजवळ थांबलेच.

चिंगीचं तर अजून अवघड आहे कारण राखाडी पट्टेवाली मांजर प्रत्येक गल्लीत दोन-तीन असतातच. तू लिहिलंयस ‘ग्रे टॅबी, डोळे हिरवे, कपाळावर एम’. मंद्या, कपाळावरचा तो एम सगळ्याच पट्टेवाल्या मांजरांना असतो रे, तो लिहून एकही मांजर वगळली जात नाही. हिरवट डोळ्यांचंही तेच. टॅबी हा शब्द तुला-मला माहिती, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला नाही. पोस्टरवर तेवढंच ठेवायचं जे हिला आहे नी शेजारच्या राखाडी मांजरीला नाही. मी तिला मांडीवर घेऊन किती वेळा बसलोय, मला आठवतं तसं सांगतो, चुकलं तर सुधार: गळ्याखाली पांढरा डाग, आपण त्याला लाळेरं म्हणायचो. पुढचे दोन्ही पंजे पांढरे पण सारखे नाहीत, एका पायाला पांढरं गुडघ्यापर्यंत चढलंय नी दुसऱ्याला फक्त बोटं. आणि शेपटीचं टोक वाकलेलं, लहानपणी दारात सापडली होती तेव्हापासून. ती वाकडी शेपटी सगळ्यात कामाची, कारण मांजर पळताना पाठमोरीच दिसते, तेव्हा शेपटी दिसते, चेहरा नाही.

डावा पाय, उजवा पाय असं मात्र लिहू नकोस. वाचणाऱ्याला कळत नाही की मांजरीचा डावा की आपल्या समोरचा डावा. शिवाय तू पाठवलेला फोटो सेल्फी कॅमेऱ्याचा वाटतोय, मागे भिंतीवर कॅलेंडरचे आकडे उलटे दिसतायत बघ, म्हणजे त्यात पायही उलटे झालेत! तो नकोच. एक पाय गुडघ्यापर्यंत, दुसरा बोटांपुरता, एवढं लिहिलं की बास. फोटो असा शोध ज्यात ती उभी आहे, बाजूने, शेपटीसकट. गुंडाळी करून झोपलेला फोटो आपल्याला कितीही गोड वाटला तरी त्यात सगळ्या राखाडी मांजरी एकसारख्या दिसतात. दुसरा छोटा फोटो फक्त शेपटीचा लाव आणि बाण काढ.

पट्ट्याबद्दल. तू पहिल्याच ओळीत ‘लाल पट्टा, घुंगरू’ लिहिलंयस. घाई नको, कारण इलॅस्टिकचा पट्टा फांदीत किंवा जाळीत अडकला की निघून येतो, तसा तो निघावाच म्हणून असतो, नाहीतर गळा आवळेल. बंड्याचा पट्टा मला नंतर जाळीतच अडकलेला मिळाला, नी तोपर्यंत लोक निळा पट्टा शोधत होते, दोन जणांनी तर नंतर सांगितलं की असा बोका दिसला होता पण पट्टा नव्हता म्हणून फोन नाही केला. म्हणून पट्टा खाली घे आणि लिही की होता, आता नसेलही.

आता एक गोष्ट मुद्दाम पोस्टरवर टाकायची नाही. चिंगीच्या मागच्या एका पायाच्या गाद्या काळ्या आहेत पण एकच बोट गुलाबी आहे ना? ते कुठेही लिहू नकोस, फोटोतही येऊ देऊ नकोस, ग्रुपवरही नको. कोणी फोनवर म्हणालं की तुमची मांजर माझ्याकडेच आहे, तर विचार की मागच्या पायाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवा. खरं असेल तो पाठवेल. मला एकाने फोन करून सांगितलं की बोका मिळाला, दूर आहे, पेट्रोलचे 500 आधी टाका. मी टाकणारच होतो, मन असं हललेलं असतं त्या वेळी. मग बायकोने फोन घेतला नी विचारलं कानाला काय आहे, तर फोन बंद. आणखी एक, कोणी म्हणालं की पैसे परत पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका, तर टाकायचा नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. ओटीपी तर कोणालाच सांगू नकोस.

इनामाचा आकडा काढून टाक. माझ्या 5000 ने काय झालं, गल्लीतली पोरं टोळ्या करून बंड्याच्या मागे पळाली, एकाने पोतं टाकून पकडायला बघितलं, नी घाबरलेला बोका अजून लांब गेला. पोरांचा दोष नाही, आकडाच मी लिहिला होता. ‘इनाम’ एवढंच लिही. आणि तो फक्त आणून देणाऱ्याला नाही तर दिसल्याचं सांगणाऱ्यालाही आहे असं स्पष्ट लिही, कारण आपल्याला पकडणारा माणूस नकोय, बघणारा पाहिजे. आकडा मनात ठरव आणि चिंगी प्रत्यक्ष हातात आली किंवा डोळ्यांनी दिसली की रोख दे.

नंबर पाच-पाचच्या दोन गटात लिही, पानभर रुंद, म्हणजे स्कूटर थांबवून वाचता येईल. तू ऑफिसात फोन सायलेंट ठेवतोस, म्हणून दुसरा नंबर काकूंचा दे, त्या दिवसा घरी असतात. घराचा पत्ता नको, कॉलनीचं नाव पुरे. खाली फाडून न्यायच्या चिठ्ठ्या कापशील तर प्रत्येक चिठ्ठीवर नंबराबरोबर ‘बिल्ली’ लिही, नाहीतर दोन दिवसांनी खिशातून नुसता नंबर निघतो नी माणसाला आठवत नाही कोणाचा.

तर मजकूर असा कर, हिंदीतच, मराठी घरांना हिंदी वाचता येतंच:

बिल्ली खो गई है
राख जैसा रंग, काली धारियाँ, गला सफ़ेद।
पूँछ का सिरा मुड़ा हुआ है।
आगे के पंजे सफ़ेद: एक घुटने तक, दूसरा सिर्फ़ उँगलियों तक।
लाल पट्टा और घुँघरू था, अब शायद न हो।
मंगलवार रात से, राजेंद्र नगर।
पकड़ें नहीं, पीछा न करें। फ़ोटो खींचकर तुरंत फ़ोन करें।
दिखने की ख़बर देने पर भी इनाम।

पहिली ओळ सगळ्यात मोठी, मग फोटो, मग नंबर, बाकी सगळं लहान. ‘पकड़ें नहीं’ ही ओळ मात्र जाड कर.

प्रिंट रंगीत काढ. झेरॉक्समध्ये राखाडी मांजर काळा गोळा होते, पट्टेही जातात. इंकजेटची शाई पावसात वाहते, म्हणून लेझरवर काढ आणि प्लास्टिकच्या पाकिटात घाल, पाकिटाचं तोंड खाली ठेव म्हणजे पाणी आत जात नाही. सरकारी भिंतीवर, खांबावर चिकटवू नकोस, आपल्याकडे संपत्ती विरूपणाचा कायदा 1994 चा आहे, आणि इंदौरमध्ये तसलं पोस्टर कोणी राहूही देत नाही. किराणा, दूध डेअरी, पोह्याचा ठेला, मेडिकल, सोसायटीचं गेट, विचारून लाव.

आणि सगळ्यात आधी पोस्टर कचरा गाडीवाल्यांना दे. बंड्या त्यांच्यामुळेच मिळाला. रोज सकाळी ते प्रत्येक दारावर थांबतात, गेटाच्या आत, जिन्याखाली काय आहे ते त्यांना दिसतं. आमच्या गाडीवरच्या हेल्परला मी दुसरं पोस्टर दिलं, त्याने ते घडी करून खिशात ठेवलं, नी दुसऱ्याच दिवशी सातच्या सुमारास फोन, “भिया, वो लड्डू के रंग वाला, कटे कान वाला, बंद मकान की सीढ़ी के नीचे बैठा है, मैंने हाथ नहीं लगाया।” आमच्या घरापासून पाच घरं सोडून! सहा दिवस तिथेच होता, मी रोज त्या गेटासमोरून हाका मारत गेलो नी तो घाबरून गप्प बसून राहिला. मी गेलो, दाराजवळ बसलो, डबा वाजवला, दहा मिनिटांनी आला. मी त्याला शर्टात घेऊन घरी आलो नी तो थरथरत होता, मीही थरथरत होतो.

म्हणून चिंगीही जवळच असेल, असं मला मनापासून वाटतं. रात्री बारानंतर टॉर्च घेऊन निघ, उभ्या गाड्यांच्या खाली, जिन्याखाली, बंद घरांच्या मागच्या बाजूला प्रकाश टाक, डोळे चमकतात. जोरात हाका मारू नकोस, बसून हळू आवाजात बोल.

उभा फोटो सापडला की मला पाठव, मी आज रात्रीच पोस्टर तयार करून पाठवतो, तू सकाळी कचरा गाडी यायच्या आधी प्रिंट घे. रविवारी सकाळची गाडी आहे, स्टेशनवरून सरळ तुझ्याकडे येतो. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांना म्हणावं फोन पदरालाच बांधून ठेवा.

तुझा,
नंदू