दुधाच्या पिशवीचा कोपरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता 'प्लॅस्टिकचा कचरा'. पहिल्या आठ भाषणांत भस्मासुर आला, समुद्रातलं कासव आलं आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. नववं भाषण सातवीतल्या एका मुलीचं, वय बारा. ती 'अध्यक्ष महोदय' म्हणाली आणि खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. तिचं भाषण आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र. माझ्या टिपणांवरून लिहिते आहे.

ती म्हणाली, "या पेटीत आमच्या घरच्या दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे आहेत. आमच्याकडे रोज दोन पिशव्या येतात. मी घरात सगळ्यांना सांगितलं, आठवडाभर कोपरा कापला की या पेटीत टाका. सात दिवसांत चौदा कोपरे जमायला हवे होते. जमले नऊ. एक मोरीच्या जाळीत सापडला, एक झाडूला चिकटलेला होता. उरलेले तीन कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही, आणि आम्ही तर मुद्दाम लक्ष ठेवत होतो.

"२०१९ मध्ये आपल्या राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं होतं, की महाराष्ट्रात रोज दुधाच्या १ कोटी पिशव्या कचऱ्यात जातात आणि त्यांचं प्लॅस्टिक ३१ टन भरतं. म्हणजे एक पिशवी साधारण ३ ग्रॅमची. पिशवी भंगारवाले काका किलोवर घेतात, पण कोपरा कोण घेणार? माझे नऊ कोपरे सोनारकाकांच्या काट्यावर ठेवले, तर सगळे मिळून एक दशांश ग्रॅमसुद्धा भरले नाहीत. एवढासा तुकडा कुणी वेचत नाही. चाळणीतून तो गळून पडतो, आणि हे प्लॅस्टिक पाण्याहून हलकं असल्यामुळे गटारातून तरंगत पुढे जातं."

मग तिने एक रिकामी पिशवी आणि कात्री काढली. "कोपरा पूर्ण कापायचा नाही. तिरकी चीर द्यायची आणि शेवटी तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडून थांबायचं. सुटलेलं टोक मागे वळवून अंगठ्याखाली धरायचं, म्हणजे दुधाची धार त्याला अडत नाही. एवढंच करा." भाषण संपलं. शपथ नाही, घोषणा नाही. तिला मी पहिला क्रमांक दिला आणि दुसऱ्या परीक्षकांनीही तोच दिला.

नंतर मी तिला विचारलं, "कोपरा चुकून तुटलाच तर?" म्हणाली, "मी तो पिशवीच्या आत सरकवते. पण पुढे कारखान्यात पिशव्या धुताना तो निसटणारच. म्हणून न तोडणंच बरं."

मी घरी करून पाहिलं. पहिले दोन दिवस दूध ओट्यावर सांडलं, कारण मी टोक अंगठ्याखाली धरायला विसरत होते. तिसऱ्या दिवशी हात बसला. एक गोष्ट मात्र माझ्या पदरची सांगते, कारण ती मुलीच्या भाषणात नव्हती. पिशवी तशीच टाकली तर आतलं दूध आंबतं, मुंग्या येतात आणि अशी चिकट पिशवी भंगारवाला बाजूला काढतो. म्हणून अर्धी वाटी पाणी घालून ती खळखळून घ्यायची, पाणी चहाच्या आधणात ओतायचं आणि पिशवी नळावर उलटी वाळत टाकायची. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत हे होतच होतं. वाळलेल्या पिशव्यांचा गठ्ठा रद्दीबरोबर जायचा. कोपऱ्याचा विचार मात्र मी चाळीस वर्षांत एकदाही केला नव्हता.

हिशेबाला कोपरा अगदीच हलका आहे हे मला कळतं. त्या मुलीच्या मापाने १ कोटी कोपऱ्यांचं वजन रोज फार तर १०० किलोच्या आसपास भरेल. ३१ टनांपुढे ते काहीच नाही. पण त्या ३१ टनांतली पिशवी परत मिळवता येते आणि हे १०० किलो कुणालाही परत मिळवता येत नाहीत. कोपऱ्याचा मुद्दा वजनाचा नाहीच.

मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, ती अटींवर. पिशवी किमान ५० मायक्रॉन जाडीची हवी आणि परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, तिच्यावर छापलेली हवी. माझ्या घरी येणाऱ्या पिशवीवर चष्मा लावून शोधली, ती किंमत दिसली नाही. ती छापली जावी आणि दुकानदाराने पिशव्या खरोखर परत घ्याव्यात, ही माझी मागणी आहे. आणि दूध संघांना एक विनंती. पिशवीच्या कोपऱ्याशी कात्रीची खूण आणि एक तुटक रेघ छापा, आणि ती रेघ कडेच्या थोडी अलीकडेच थांबवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा