टॅपची मर्यादा आणि अर्धवट सल्ला

संपादक महोदय,

कालच्या अंकात ‘टॅप अँड पे’विषयी आलेला लेख वाचला. लेखकाने ग्राहकांना धीर दिला आहे की, पिन न टाकता फार तर ५,००० रुपयेच जाऊ शकतात, तेव्हा कार्ड हरवलं तरी नुकसान तेवढंच! हे वाक्य छापण्याआधी आपल्या कार्यालयात कुणीतरी एकदा मोठ्याने वाचायला हवं होतं. ५,००० ही मर्यादा एका टॅपची आहे, दिवसाची नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ती २,००० वरून ५,००० केली आणि तेव्हाही ती प्रत्येक व्यवहाराचीच होती. चोर एकदाच टॅप करून कार्ड परत करतो, असा लेखकाचा समज असेल तर त्यांना चांगलेच चोर भेटले म्हणायचे.

आमच्या वहिनींना तसे भेटले नाहीत. गर्दीत पर्स गेली, त्यातच फोनही होता. म्हणजे व्यवहाराचे मेसेज नियमाप्रमाणे ताबडतोब आले, पण ते चोराच्या हातात. पहिला टॅप ४,९९० चा, दुसरा ४,८५० चा, तिसरा ४,९०० चा. आकडे पाहिलेत? त्या माणसाला ५,००० चा नियम आपल्या लेखकापेक्षा बरा ठाऊक होता.

मी माझ्या फोनवरून बँकेच्या टोल फ्री क्रमांकावर फोन लावला. भाषा निवडा, मग सेवा निवडा, मग ‘कृपया आपल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे टाका’. अहो, कार्ड चोरीला गेलं म्हणूनच फोन केला ना! शेवटी जुन्या खातेउताऱ्यावरून खाते क्रमांक शोधून दिला. सव्वासहाला तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. कार्ड मात्र प्रत्यक्षात साडेसहाला बंद झालं आणि मधल्या पंधरा मिनिटांत ४,९५० चा चौथा टॅप होऊन गेला. एकूण १९,६९०.

शाखेत गेल्यावर पहिलं उत्तर काय मिळालं असेल? ‘मॅडम, कार्ड मशीनवर प्रत्यक्ष वापरलं गेलंय, त्यामुळे जबाबदारी तुमची.’ साहेब अतिशय नम्र होते, खुर्चीही दिली. आम्ही रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की, ग्राहकाने कळवल्यानंतर जो व्यवहार होईल त्याचा तोटा बँकेने सोसायचा. तक्रारीची वेळ सव्वासहा, चौथा टॅप त्यानंतरचा. ते ४,९५० तिथल्या तिथे मान्य झाले.

खरी ओढाताण पहिल्या तीन टॅपची, म्हणजे १४,७४० रुपयांची झाली. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तीनदा आमच्या अंगावर आला. आता टॅपला पिन लागतच नाही, तर वहिनींनी तो कुणाला सांगितला, हे बँक कशी दाखवणार? आणि ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. हे लेखी दिल्यावर सूर बदलला. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांच्या आत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, तशी ती झाली आणि पुढे तक्रारीचा निकाल लागल्यावर कायम राहिली. तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवलं होतं, त्याचा इथे फार उपयोग झाला. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर १०,००० रुपयांपर्यंतचा भार ग्राहकावर येऊ शकतो आणि सात दिवस उलटले तर बँकेच्या मंडळाचं धोरण काय म्हणेल ते. बँक तक्रार फेटाळते किंवा तीस दिवस गप्प बसते, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. यातलं एक अक्षर कालच्या लेखात नाही. ‘पोलिसांत तक्रार द्यावी’ एवढं मात्र आहे. ती द्यावीच, आम्हीही दिली, पण त्याने कार्ड बंद होत नाही.

आता मर्यादेविषयी. लेखात ‘ॲपमधून मर्यादा कमी करता येते’ असं अर्ध्या ओळीत उरकलं आहे. कुठे, कशी? बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात ‘Manage Card’, ‘Card Controls’ किंवा ‘Usage & Limits’ अशा नावाखाली ही सोय असते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानेच ती बँकांना द्यावी लागली. एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस यांची बटणं वेगवेगळी असतात. बहुतेक लोक दुकानातल्या मशीनची मर्यादा कमी करतात आणि टॅपची आहे तशीच सोडतात. वहिनींच्या कार्डावर नेमकं हेच होतं. दुसरं म्हणजे तिथला आकडा एका व्यवहाराचा आहे की दिवसाचा, हे नीट वाचावं. दिवसाचा असेल तर तोच खरा आधार. तिथे १,००० टाकले तर चोराने कितीही टॅप केले तरी हजाराच्या पुढे गाडी जात नाही. मोठी खरेदी असेल तेव्हा कार्ड मशीनमध्ये खोचून पिन टाकायचा, एवढाच काय तो त्रास. आकडा लागू झाला की नाही हे बघायचं असेल तर मर्यादेपेक्षा थोड्या मोठ्या बिलाला मुद्दाम टॅप करावं. मशीनने पिन मागितला किंवा व्यवहार नाकारला, तर लागू झाला. सरळ पावती आली, तर बँकेला फोन करावा. परदेशी व्यवहारांचा भाग बहुधा वेगळ्या टॅबमध्ये असतो, तोही पाहून घ्यावा.

युरोपातल्या नियमात एका टॅपची मर्यादा ५० युरो आहेच, शिवाय बिनपिनचे टॅप मिळून १५० युरो झाले किंवा लागोपाठ पाच टॅप झाले की पुन्हा पिन मागावा लागतो. ही मोजदाद तिथे नियमातच आहे. आपल्याकडे ५,००० हा आकडा निव्वळ एका व्यवहाराचा, दिवसाला किती टॅप चालू द्यायचे ते बँकेवर. त्यावर लेख लिहा की! जागा नसेल तर चौथ्या पानावरचं राशिभविष्य एक दिवस आवरतं घ्या.

आणि हो, त्याच लेखाला चिकटून ‘कार्डचोरीपासून शंभर टक्के संरक्षण’ देणाऱ्या पाकिटाची पाव पानाची जाहिरात होती. ते पाकीट खिशातल्या कार्डापर्यंत मशीनच्या लहरी पोचू देत नाही, बस. मुळात टॅपला कार्ड मशीनच्या चार-पाच सेंटिमीटर जवळ न्यावं लागतं. चोर पाकिटासकट कार्ड नेतो तेव्हा ते पाकीट कुणाचं संरक्षण करतं, याचा खुलासा जाहिरात विभागाकडून मागवून छापावा. लेखातली ती ‘फार तर ५,०००’ची ओळही दुरुस्त करावी, आणि शक्यतो ती दुरुस्ती निविदा सूचनांच्या पानावर नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार