त्या मुलीचे २७ गुण परत द्या

संपादक महोदय,
स. न.

कालच्या पुरवणीतली गुणपत्रिकेची कथा वाचली. रात्री पुन्हा वाचली, कारण पहिल्या वेळी आपल्याच नजरेतून काही निसटलं असेल असं वाटलं. निसटलं नव्हतं. भाषा छान आहे, मुलगीही लेखकाने मन लावून रंगवली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटाला आपण चौकटीत 'प्रामाणिकपणाचं बक्षीस' म्हणून मिरवलं आहे, तिथे मात्र माझा संयम संपला. बक्षीस कसलं? भर वर्गात त्या पोरीचे २७ गुण काढून घेतले आणि वर तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

आकडे कथेतलेच आहेत, मी पदरचे काही घातलेले नाहीत. मराठी ७८, इंग्रजी ६५, गणित ४७, विज्ञान ६९, इतिहास ७४, भूगोल ७१. खाली एकूण ४३१. मुलगी घरी बेरीज करते, ४०४ येतात. पुन्हा करते, पुन्हा तेच. आपल्याला जास्तीचे गुण मिळालेत म्हणून बिचारीला झोप लागत नाही आणि सकाळी ती बाईंसमोर उभी राहते. बाई फळ्यावर आकडे मांडतात. एककाची बेरीज ३४, हातचे ३, दशकाची ३७ आणि ३ मिळून ४०. म्हणजे ४०४. झालं. ४३१ वर लाल रेघ, शेजारी ४०४, खाली सही, पाठीवर थाप.

बाईंची बेरीज बिनचूक आहे, पण अडचण बेरजेची नव्हतीच. सहा विषय आणि एक एकूण यांचं जमत नाही, याचा अर्थ त्या सात आकड्यांपैकी निदान एक चुकला आहे, एवढाच. कोणता चुकला हे गुणपत्रिकेकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी कळणार नाही. बाईंनी सातवा धरला. का, तर तो सर्वांत खाली होता आणि खोडायला सोपा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मी नोकरी हिशेबखात्यात केली. दोन बाजू जुळल्या नाहीत की आमचे मोठे हिशेबनीस मान वर न करताच विचारायचे, "फरकाला नऊने भाग जातो का?" जात असेल तर आधी उलटा लिहिलेला आकडा शोधायचा. कारण सरळ आहे. ७४ लिहिताना हाताने ४७ लिहिले की सात दशकातून एककात उतरतो, म्हणजे त्याची किंमत ७० वरून ७ होते, नऊ साते त्रेसष्टने घटते. चार एककातून दशकात चढतो, त्याची किंमत नऊ चोक छत्तीसने वाढते. त्रेसष्ट गेले, छत्तीस आले, फरक २७. कोणतेही शेजारचे दोन अंक उलटले तरी फरक नऊच्या पटीतच पडतो, आणि दोन अंकी आकड्यात त्याला नऊने भागून जे येतं तेवढंच त्या दोन अंकांमधलं अंतर असतं.

आता कथेतला फरक बघा. ४३१ वजा ४०४, बरोबर २७. नऊने भागले तर ३. ज्यांच्या अंकांत तीनचं अंतर आहे असे विषय तीनच: गणित ४७, विज्ञान ६९, इतिहास ७४. इतिहास उलटला तर ४७ होतात आणि बेरीज आणखी खाली जाते, म्हणून तो बाद. उरले दोन. गणितात ४७ ऐवजी ७४ असतील, किंवा विज्ञानात ६९ ऐवजी ९६. यातलं कोणतंही एक दुरुस्त करा, एकूण नेमके ४३१ येतात. आणि ज्या मुलीला बेरीज इतकी चोख येते, जिला कथेच्या दुसऱ्याच परिच्छेदात 'गणिताची वेडी' म्हटलं आहे, तिला गणितात ४७ कसे, हा प्रश्न बाईंना पडत नाही, लेखकाला पडत नाही आणि आपल्यालाही पडला नाही!

७४च होते असा माझा दावा नाही. नऊने भाग जाणं हा संशय आहे, पुरावा नव्हे. योगायोगानेही नऊ फरकांमागे एखाद्याला भाग जाणारच. पण संशय आल्यावर उत्तरपत्रिका काढून बघायला किती वेळ लागतो? कथेत ती बाईंच्या टेबलाखालच्या कपाटातच आहे. लेखकाने कपाटाचं वर्णन करायला चार ओळी खर्च केल्या, ते उघडलं मात्र नाही.

यावर काल आमच्या घरी वाद झाला. माझे दीर म्हणाले, "वहिनी, बाईंनी नवाचा ताळा पाहिला असता तर तिथेच कळलं असतं." त्यांना मी कागद-पेन्सिल दिली. विषयांच्या गुणांतले अंक मिळवत एकेरी अंकावर आणले की ६, २, २, ६, २, ८ येतात. त्यांची बेरीज २६, तिचे पुन्हा ८. आता ४३१ चा ताळा: चार, तीन, एक, आठ. जुळला! आणि ४०४ चाही आठच. नवाचा ताळा नऊच्या पटीतली चूक पकडूच शकत नाही, आणि अंक उलटण्याची चूक नेमकी त्याच पटीतली असते. म्हणजे तो ताळा पाहून बाई म्हणाल्या असत्या, "एकूण बरोबर आहे, जा वर्गात." दीर गप्प बसले. म्हणजे विषय बदलला, पण ते त्यांच्या बाबतीत तेच.

मला इतकं लागण्याचं कारण आमच्या धाकट्या बहिणीच्या शाळेत आहे. ती आठवीत होती. विज्ञानाची लेखी परीक्षा वेगळी आणि प्रात्यक्षिक वेगळं. लेखीत ६१, प्रात्यक्षिकात १७. वर्गशिक्षिकेने एकत्रित निकालपत्रकात दोन्ही मिळवून ७८ धरले, बेरीजही तिथेच केली. मग गुणपत्रिका लिहिताना विज्ञानाच्या रकान्यात नुसते लेखीचे ६१ उतरवले आणि एकूण मात्र निकालपत्रकातलं. साहजिकच १७ चा फरक आला. (इथे नऊची युक्ती कुचकामाची, कारण अंक उलटलेच नव्हते. म्हणून तर म्हणते, मूळ कागद बघा.) धाकटी बेरजेत पक्की आणि स्वभावाने भित्री. आपल्याला १७ गुण फुकट मिळाले म्हणून घाबरली आणि स्वतःहून सांगायला गेली. वर्गशिक्षिकेने एकूण खोडून १७ कमी केले, निकालपत्रकातही तसंच केलं आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस."

नववीच्या तुकड्या एकूण गुणांवर पाडल्या. धाकटी खालच्या तुकडीत गेली. तिच्या विज्ञानाच्या सरांना याचं नवल वाटलं म्हणून त्यांनी स्वतःची गुणयादी काढली, त्यात प्रात्यक्षिकाचे १७ स्वच्छ अक्षरात होते. आमचे वडील ती यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी गुण मान्य केले, नवी गुणपत्रिकाही दिली, पण तुकड्यांच्या याद्या फळ्यावर लागल्या होत्या आणि लागलेली यादी शाळा बदलत नाही, असं उत्तर मिळालं. सगळ्या मैत्रिणी वरच्या तुकडीत. वर्षभर डबा खायला ती एकटी बसायची. पुढे कुणी चुकून जास्त सुटे पैसे परत दिले तरी ती आधी मोजून दुसऱ्या कुणाला मोजायला लावायची, मगच तोंड उघडायची. तिला मी दोष देत नाही.

कथेतल्या बाईंनी खरं तर उलट वाटेने चालायला हवं होतं. गुण आधी उत्तरपत्रिकेवर, तिथून विषयशिक्षकाच्या यादीत, तिथून एकत्रित निकालपत्रकात आणि शेवटी गुणपत्रिकेवर येतात. एकूण बहुधा निकालपत्रकात होतं आणि गुणपत्रिकेवर नुसतं उतरवलं जातं. म्हणूनच उतरवताना एखादा विषय चुकला तरी एकूण शाबूत राहू शकतं. पहिल्यांदा निकालपत्रकातली त्या मुलीची ओळ गुणपत्रिकेशी रकाना-रकाना लावून बघायची. तिथेच ७४ दिसले तर काम संपलं. तिथेही ४७ असतील तर विषयशिक्षकाची यादी, मग उत्तरपत्रिका. तिच्या पहिल्या पानावरच्या प्रश्नवार गुणांचीही बेरीज करायची आणि आत एखादा प्रश्न तपासायचा राहिला नाही ना, तेही उलटून बघायचं. एवढं करूनही सगळे विषय खरे निघाले तरच एकूणावर रेघ ओढायची. आणि ओढलीच तर सगळीकडे. कथेत बाईंनी एकूण ४०४ केलं, पण खालची टक्केवारी ७१.८३ तशीच ठेवली. ती ४३१ ची आहे. ४०४ चे होतात ६७.३३. म्हणजे सही करून दिलेली गुणपत्रिका पुन्हा चुकीचीच, आणि या वेळी पोरीची हिंमत होणार नाही दाखवायची.

कुणी म्हणेल, कथा आहे, कथेसारखी वाचा. वाचली असती. पण आकडे लेखकाने दिलेत, तेही सुटे सुटे, विषयवार. काल घरोघरी मुलांनी ते मिळवून पाहिले असतील आणि फरक दिसला की एकूण खोडायचं, हे शिकली असतील. लेखकाने मुद्दाम २७ चा फरक ठेवला असेल आणि पुढच्या रविवारी उत्तरार्ध येणार असेल, तर मी हे पत्र आनंदाने मागे घेईन. तसं 'क्रमशः' कुठे दिसलं नाही.

पत्र लिहितेच आहे तर आणखी एक. त्याच पुरवणीत शेवटच्या पानावर अंककोड्याचं जे उत्तर छापलंय, त्याच्या चौथ्या ओळीत दोनदा सात आहेत आणि दोन एकदाही नाही. गेल्या महिन्यातही असंच झालं होतं. तेव्हा मी पत्र पाठवलं, आपण ते छापलं नाहीत, शुद्धिपत्रही दिलं नाहीत. या वेळी निदान तेवढं द्यावं. नेहमीच्या मुंगीच्या टायपात दिलंत तरी चालेल, मी भिंग घेऊन बसेन.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस वाचक