आठही दिवे लागतात, पण फाइल सरकत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑफिसातल्या स्टोरेज बॉक्सवर फाइली रांगत कॉपी होणे, तुमच्या माणसाने टाकलेली सदोष केबल आणि मला न विचारता बंद केलेली तक्रार.

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार तिसऱ्यांदा बंद केली. शेरा मारलाय, ‘ग्राहकाच्या नेटवर्कमधील दोष’. हे नेटवर्क म्हणजे वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत तुमच्या अधिकृत माणसाने टाकलेली, त्यानेच दोन्ही टोकांना प्लग लावलेली, आणि जोडणीचे वेगळे पैसे घेऊन बिलावर लिहिलेली 25 मीटर केबल. ती माझी कधी झाली ते मला कळवावे.

आम्ही लग्नाचे आणि गरब्याचे व्हिडिओ करतो. एका रात्रीचं चित्रीकरण साधारण 48 जीबी भरतं आणि ते पुढच्या खोलीतल्या संगणकावरून मागच्या खोलीतल्या तुमच्या बॉक्सवर जातं. संगणक छोट्या तारेने टेबलावरच्या स्विचला जोडलेला, आणि स्विचपासून माळ्यावरून मागे बॉक्सपर्यंत ती 25 मीटरची केबल. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला 110 एमबीच्या आसपास मिळायला हवं, म्हणजे हे काम सात-साडेसात मिनिटांचं. आमच्याकडे वेग 6 आणि 9 एमबीच्या मध्ये हेलकावे खात होता. सरासरी 8 धरा, एक तास चाळीस मिनिटं. नवरात्र तोंडावर आलं आहे. सलग नऊ रात्री आम्ही काय करायचं, बॉक्सपाशी अंथरूण टाकायचं?

तुम्ही हे उत्पादन बनवता, म्हणून आकडे समजावत बसत नाही. पण तुमच्या फोनवरच्या मंडळींना कुणीतरी सांगा की शंभर मेगाबिट म्हणजे शंभर एमबी नव्हे. पहिल्या फोनवरच्या बाईंनी ‘सर, हंड्रेड आ रहा है ना, वो तो बहुत अच्छा है’ असं म्हणून माझं अभिनंदन केलं. आठाने भागल्यावर शंभराचे साडेबारा होतात आणि प्रत्यक्षात हातात अकरा पडतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला होल्डवर ठेवलं. अकरा मिनिटं. योगायोग.

फाइली लहान-लहान असतील तर वेग पडतो हे मला ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक चाचणी मी एकाच मोठ्या व्हिडिओ फाइलवर केली. वायफाय बंद ठेवलं. तरी दुसऱ्या फोनवर ‘डिस्क जुनी झाली असेल’ हे ऐकावं लागलं. डिस्क बॉक्सबरोबर तुम्हीच दिली, पाच आठवड्यांपूर्वी.

बरं, डिस्कचा प्रश्न मीच सोडवला. बॉक्स उचलून पुढच्या खोलीत आणला आणि त्याच्या खोक्यात आलेल्या एक मीटरच्या तारेने स्विचला लावला. वेग 111. बॉक्स चांगला, डिस्क चांगली, स्विच चांगला, संगणक चांगला. बॉक्स परत माळ्याखाली नेला, लांब केबल लावली, पुन्हा 8. यातून दोष कुठे आहे हे आमच्याकडे अल्बमची पानं चिकटवणाऱ्या मुलालाही कळलं.

तुमच्या विभागाला कळलं नाही, कारण संगणकाच्या पडद्यावर 1000/1000 (Mbps) दिसतं. मी तो फोटो पाठवला आणि तोच माझ्याविरुद्ध पुरावा ठरला! ‘लिंक तो वन जीबी है सर.’ अहो, तो आकडा संगणक आणि स्विच यांच्यातल्या दोन मीटरच्या तारेचा आहे. स्विचच्या पलीकडे काय चाललंय ते संगणकाला दिसत नाही. ते बॉक्सला विचारावं लागतं. मी विचारलं. बॉक्सच्या आत शिरून dmesg चालवलं, तर त्याने स्वतः हे लिहून ठेवलेलं होतं:

```
Downshift occurred from negotiated speed 1Gbps
to actual speed 100Mbps, check cabling!
```

तुमचा बॉक्स सांगतोय की केबल तपासा. तुमची माणसं सांगतात की लॅपटॉप बदला. घरच्या घरी तरी एकमत करा.

आणि आता तो तिसरा फोन, ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे. यावेळी ‘सीनियर टेक्निकल’ नावाचे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, स्विच मधून काढा, लांब केबल सरळ संगणकात खोचा. खोचली. आता संगणकावरही 100/100 दिसू लागलं. मला आनंद झाला, म्हटलं आता तरी पटेल. पण गृहस्थ म्हणाले, सेटिंगमध्ये जा, Speed & Duplex उघडा, तिथे Auto Negotiation आहे ते काढून 1.0 Gbps Full Duplex करा. मी म्हटलं, साहेब, तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट वाटाघाटीशिवाय चालतच नाही. हे सेटिंग केल्याने जबरदस्ती होत नाही, फक्त ‘गिगाबिट नसेल तर काहीच नको’ असा निरोप पलीकडे जातो. ते म्हणाले, ‘सर, आप करिए तो सही.’ केलं. जोडणी तुटली. पडद्यावर केबल काढलेली असल्याचा संदेश. शंभर मेगाबिट होतं तेही गेलं.

मी तसं सांगितलं. पलीकडे थोडी शांतता, टाइप केल्याचा आवाज, आणि मग हा प्रश्न, शब्दशः: ‘सर, अभी स्पीड कम दिखा रहा है क्या?’

मी म्हटलं, आता काहीच दाखवत नाहीये.

‘मतलब कम नहीं दिखा रहा. तो कम्प्लेंट क्लोज कर दूँ?’

मी या गावात एकवीस वर्षं धंदा करतो. वरात निघून गेल्यावर कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं, असंही आमच्याकडे एकदा झालेलं आहे. तेव्हा मी नवऱ्याच्या वडिलांना ‘आता फोटो खराब तर दिसत नाहीत ना?’ असं विचारलं नव्हतं. घरी जाऊन पाय धरले होते. तुमच्या गृहस्थांनी तक्रार खरोखर बंद केली. दोन मिनिटांत समाधानाचे तारे मागणारा मेसेजही आला.

त्यानंतर मी हट्ट धरल्यावर ज्याने केबल टाकली होती तोच माणूस तपासायला आला. मुलगा गोड आहे, त्याच्यावर राग नाही. त्याने दोन तुकड्यांचा टेस्टर लावला, एकामागून एक दिवे लागले, आणि म्हणाला, ‘जुओ साहेब, आठेआठ लाइट थाय छे, केबल बराबर छे.’ चहा घेतला आणि गेला. याच ‘आठेआठ’वर तुमचा शेरा उभा आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

तो टेस्टर एवढंच पाहतो की एका टोकाची तीन नंबरची तार दुसऱ्या टोकाला तीन नंबरवरच निघते का. कोणती तार कोणत्या तारेशी पिळलेली आहे हे त्याला समजत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. माझा आधी तारेच्या मालावर संशय होता, म्हणून टोकाची एक तार ब्लेडने खरवडली. आतपर्यंत लालच निघाली. तांबं मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं तर पांढरं दिसलं असतं. माल चांगला होता. मग भिंग घेऊन पारदर्शक प्लगमधून रंग वाचले. डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटकं! प्रत्येक रंग आपल्या जोडीदाराशेजारी, लग्नाच्या पंगतीसारखा. दोन्ही टोकांना तस्संच.

आणि तेच चूक. प्लगमध्ये एक जोडी तीन आणि सहा नंबरवर जाते, चार आणि पाचवर दुसरी. म्हणून योग्य क्रमात पांढऱ्या-हिरव्यानंतर निळा, पांढरा-निळा आणि मग हिरवा येतो. जोडीतल्या दोन तारांवर एकच संकेत उलटसुलट धावतो आणि पिळामुळे दोघींवर पडणारा बाहेरचा गोंगाट सारखाच राहून कटतो. तुमच्या माणसाच्या क्रमात तीन नंबरला हिरव्या जोडीतली तार आणि सहाला निळ्या जोडीतली. एक संकेत दोन वेगळ्या पिळांत वाटला गेला आणि शेजारच्याचं बोलणं याच्या कानात शिरू लागलं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, त्यामुळे दोन्ही बाजू आधी ‘गिगाबिट जमेल’ असं मान्य करतात, प्रत्यक्षात जोडणी उभी राहत नाही, आणि मग शंभरावर उतरतात. शंभरालाही त्या तीन-सहाच्या जोडीची गरज असतेच, म्हणून तिथेही पाकिटं खराब होत होती. निरोगी शंभरावर 11 एमबी स्थिर मिळतं. आमचं 6 ते 9 मध्ये डोलत होतं, हे लक्षण मी पहिल्या फोनपासून सांगतो आहे. पहिल्या फोनपासून!

केबलची लांबी, माळ्याचा उकाडा, शेजारच्या पंख्याची वायर, असली कारणं आता कृपया काढू नका. तीच केबल, तोच माळा. मी दोन्ही टोकं कापली, बाजारातून दोन प्लग आणले, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त न सोडता योग्य क्रमाने लावले. Speed & Duplex परत Auto Negotiation वर नेलं. बॉक्स गिगाबिटवर आला, वेग 109. त्या रात्रीच्या 48 जीबी साडेसात मिनिटांत गेल्या. प्लगचा खर्च तुमच्या एका ‘व्हिजिट चार्ज’च्या पासंगालाही पुरत नाही. हो, तो ‘आठेआठ’ बघायला आल्याचे पैसेसुद्धा तुम्ही घेतलेत, हे वर लिहायचं राहिलं.

माझं म्हणणं एवढंच: जोडणीचे आणि व्हिजिटचे पैसे परत करा. तक्रारीवरचा ‘ग्राहकाच्या नेटवर्कमधील दोष’ हा शेरा काढून ‘जोडणीतील दोष’ असा लेखी करा. आणि त्या मुलाने या भागात आणखी जिथे-जिथे केबल टाकल्या आहेत तिथले प्लग कुणीतरी डोळ्यांनी बघा, टेस्टरने नव्हे. त्याला रंगांचा क्रम कुणी शिकवलाच नाही, हा दोष त्याचा नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करून, सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बॉक्स मला आवडला होता. दुसऱ्या शाखेसाठी आणखी एक घ्यायचा विचार होता, आता तो नाही.

आपला ग्राहक,
स्टुडिओचालक, दांडिया बाजार, वडोदरा

ता. क. कापलेले दोन्ही प्लग, प्रत्येकी बोटभर तारेसकट, पाकिटात जपून ठेवले आहेत. रंग अजून स्पष्ट दिसतात. ‘सीनियर टेक्निकल’ना फोटो हवा असेल तर पाठवतो. बघायला टेस्टर लागणार नाही.