माझं इंग्रजी माझ्या तोंडात बसवणाऱ्या ताईंना

ताई,

विहिरींच्या पाणीपातळीवरचं माझं दहा मिनिटांचं सादरीकरण काल पार पडलं. तुमच्या खुणांची पानं अजून खिशातच आहेत, तोवर हे पत्र लिहून टाकतो.

मी चौदाशे शब्द घेऊन आलो होतो. तुम्ही ते वाचलेच नाहीत. "काय सापडलं ते आधी मराठीत सांगा," म्हणालात. मग मला इंग्रजी मोठ्याने वाचायला लावलंत, फोनवर रेकॉर्ड केलंत आणि मी अडखळलो तिथे पेन्सिलीने टिंब देत गेलात. माझा वेग मिनिटाला शंभर शब्द निघाला, म्हणजे चौदा मिनिटं. मी म्हटलं, भरभर बोलेन. तुम्ही मजकूरच साडेनऊशे शब्दांवर आणलात.

सगळ्यात जास्त टिंबं एका चार ओळींच्या वाक्यावर होती. क्रियापद येईपर्यंत कर्ता कोण होता हे मीच विसरायचो. त्याची तीन वाक्यं झाली: 'द वॉटर लेव्हल फेल. इट फेल मोस्ट इन मे. द रीझन वॉज पंपिंग.' मी खूश. तुम्ही मात्र थबकलात. "मूळ वाक्यात तुम्ही 'कदाचित' म्हणत होता. उपसा किती झाला हे मोजलंय?" नव्हतं मोजलं. मग तिसरं वाक्य झालं, 'वी थिंक द रीझन इज पंपिंग.' काल पहिला प्रश्न नेमका त्यावरच आला, आणि "वी थिंक. वी डिड नॉट मेझर पंपिंग," एवढं मला न अडखळता सांगता आलं.

उच्चारांचं तर काय सांगू! 'पर्टिक्युलरली' तुम्ही सरळ काढून 'मेनली' केलंत. 'ॲक्विफर' ठेवावाच लागला, कारण ऐकणाऱ्यांचा तो रोजचा शब्द. त्यावर तुम्ही 'ॲ-क्वि-फर' लिहिलंत आणि 'ॲ' खाली रेघ मारलीत. 'डिटरमाइन' म्हणत माझी इतकी वर्षं गेली. तो 'डि-टर्-मिन' आहे, जोर 'टर्'वर, हे कुणी सांगितलंच नव्हतं. (की ऐकू जाऊनही मी सोडून दिलं होतं, देव जाणे.)

सगळंच देवनागरीत लिहून द्या, असा माझा हट्ट होता. तुम्ही ऐकला नाहीत. तसं केलं तर प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर पडतो आणि डोळा अर्थ सोडून अक्षरांमागे धावतो, म्हणालात. पटेना, तेव्हा एक परिच्छेद तसा वाचून घेतलात. रेकॉर्डिंग ऐकून मलाच हसू आलं. शेवटी खुणा फक्त नऊ शब्दांवर राहिल्या. त्यातला पहिला 'वेल', माझ्या विषयाचाच शब्द, आणि मी तो दात ओठावर टेकवून म्हणायचो. त्याच्या डोक्यावर तुम्ही एक छोटं वर्तुळ काढलंत: ओठ गोल. काल प्रत्येक विहिरीला ते वर्तुळ दिसत होतं.

तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिलीय. सोमवारी आणून देतो.

तुमचा आभारी,
विहिरीवाला