घरकामाचा पगार 26 दिवसांचा की 30 दिवसांचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी भांडी आणि केर-फरशीचा 'दर' ठरला. दोन हजारांच्या वर कोणी जायचे नाही, नाहीतर बायका सवकतात, असा सूर होता. ज्या मावशी ते काम करतात त्यांना कोणी विचारले नव्हते, हे सांगायला नकोच.

हा आकडा एकदा सरकारी पद्धतीने तपासून पाहावा. किमान वेतनाचा महिन्याचा आकडा 26 ने भागला की दिवसाची मजुरी निघते आणि ती आठाने भागली की तासाची. भाग 30 ने न देता 26 ने देतात, कारण आठवड्याची सुट्टी त्या पगारातच धरलेली असते. समजा, अकुशल कामगाराचे वेतन महिना 13 हजार आहे. म्हणजे दिवसाचे 500 आणि तासाचे साडेबासष्ट रुपये. आमच्याकडच्या कामाला रोज दीड तास लागतो. 26 दिवसांचे 39 तास झाले, त्याचे जवळपास 2,440 रुपये होतात. आम्ही देतो 2,000 आणि काम घेतो तिसही दिवस, म्हणजे 45 तास. तासाला पडतात साधारण 44 रुपये. वर एक खाडा झाला की 67 रुपये कापायचे! एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यातला वेळ तर कोणाच्याच हिशेबात नाही.

महाराष्ट्राच्या 2008 च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ दिले, पण तो कायदा नोंदणी आणि मदतीपुरता आहे. दर काय आणि सुट्टी किती, हे तो सांगत नाही. शेजारच्या कर्नाटकाने घरकाम किमान वेतनाच्या अनुसूचीत कधीच घेतले. आपल्या पुण्यात मोलकरणींनी 1980 मध्ये संप केला होता, तरी तोंडी बोलीवरचा कारभार अजून चालूच आहे.

भांडण होते ते बहुधा या तोंडी बोलीमुळेच. काम ठरते चार माणसांच्या भांड्यांचे. मग गावाहून पाहुणे येतात, पंधरा दिवस राहतात आणि पगार तोच. आपण महिनाभर मुलाकडे गेलो तर त्या महिन्याचे पैसे द्यायचे की नाही, हेही कोणी आधी बोललेले नसते. एका कागदावर कामे, माणसे, वेळ, पगार, सुट्टीचा वार, पगारी खाडे, दिवाळीचा बोनस आणि काम सोडण्याआधीची महिन्याची सूचना एवढे लिहून दोघांनी सही केली, तर वकील लागत नाही. मंडळानेच असा छापील मराठी नमुना काढावा.

आणखी एक. मंडळाकडे नोंदणी करताना काम देणाऱ्याचा दाखला लागतो. 'उगाच आपण अडकू' म्हणून तो द्यायला सुशिक्षित घरेच कचरतात. दोघांच्या सहीचा हा कागदच दाखला म्हणून चालवून घ्यावा, म्हणजे मावशींना दारोदार सहीसाठी अजिजी करावी लागणार नाही.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे